तांबी बसवल्यानंतरच्या कळा आणि डाग : कशाला वेळ द्यायचा, कशासाठी लगेच जायचं

प्रश्न : "माझं वय २७. मुलगा दीड वर्षाचा आहे, अजून अंगावर पितो. पाळीच्या चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तांबी बसवून घेतली, आज बारावा दिवस. पहिले तीन दिवस खूप कळा आल्या. आता कमी आहेत, पण संध्याकाळी ओटीपोटात दुखतंच आणि रोज चॉकलेटी डाग लागतो. सासूबाई म्हणतात तांबी वर चढली असेल, छातीपर्यंत जाते. मिस्टरांना दोरा टोचतो. दवाखान्यात महिन्याने बोलावलंय. तोवर थांबू, की आत्ताच जाऊन काढून टाकू?"

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं दवाखाना चालवते आणि या काळात तांब्या भरपूर बसवल्या, भरपूर काढल्याही. तुमच्या लिहिण्यात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे शब्द "आता कमी आहेत" हे आहेत. बाराव्या दिवशी उतरत चाललेल्या कळा आणि चॉकलेटी डाग एवढंच असेल, तर आज धावत जाऊन तांबी काढायची गरज मला दिसत नाही. पण दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि माझं मत त्यांच्यावर अवलंबून आहे. अंगात ताप येतो का? आणि जे डाग जातात किंवा पांढरं जातं, त्याला घाण वास आहे का? दोन्हीचं उत्तर "नाही" असेल तर पुढचं सावकाश वाचा. एकाचंही "हो" असेल तर वाचन नंतर करा, आधी आजच दवाखान्यात जा.

ताप मोजण्याबद्दल एक सांगते, कारण इथे फसगत होते. दुखतं म्हणून आपण गोळी घेतो आणि त्याच गोळीने तापही उतरतो. मग बाई म्हणते, ताप नव्हता. म्हणून संध्याकाळी दुखायला लागलं की गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर तो ताप समजायचा.

आता हे दुखणं कुठून येतं ते बघू. तांबी बसवताना गर्भपिशवीचं तोंड एका चिमट्याने धरून सरळ करावं लागतं. मग एक बारीक सळई आत घालून पिशवीची खोली मोजतात आणि नंतर नळीतून तांबी आत सोडतात. पिशवी म्हणजे एक जाड स्नायू आहे आणि तिला एकच काम चांगलं येतं, ते म्हणजे आत जे काही आहे ते आकसून बाहेर ढकलणं. पाळीत ती रक्त ढकलते, बाळंतपणात बाळ ढकलते, आणि आता अचानक आलेल्या या टी आकाराच्या वस्तूलाही ती आधी ढकलूनच बघते. पाळीच्या वेळी पिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि त्यांच्यामुळे कळा येतात. तांबी बसवल्यावर तीच रसायनं पुन्हा वाढतात. म्हणूनच ही कळ पाळीच्या कळेसारखीच असते : ओटीपोटाच्या मधोमध, कमरेत आणि कधी मांड्यांपर्यंत उतरणारी.

पिशवीला या पाहुणीची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी कळा सगळ्यात जास्त असतात, दोन-तीन दिवस त्या जाणवण्याइतक्या जोरात राहतात आणि मग उतरू लागतात. पण पुढचे एक-दोन आठवडे, क्वचित त्याहून थोडं जास्त, मधूनमधून एखादी कळ येऊन जाते. दिवसभराच्या कामानंतर थकलेल्या शरीराला ती संध्याकाळी जास्त जाणवते. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण असू शकतं. तुम्ही अंगावर पाजता. बाळ दूध ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्याने पिशवी आकसते. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात पाजताना पोटात कळ यायची, ते आठवत असेल. मुलगा दीड वर्षाचा झाल्यावर तेवढं जाणवत नाही, पण आत नवीन तांबी असेल तर जाणवू शकतं. एक-दोन दिवस लक्ष ठेवा, दुखणं संध्याकाळी पाजण्याच्या आसपासच येतं का. तसं असेल तर एक कोडं सुटलं.

चॉकलेटी डागाची गोष्ट वेगळी आहे, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. कळा दिवसांच्या हिशोबात ओसरतात, डाग आठवड्यांच्या हिशोबात आणि जास्त जाणारी पाळी महिन्यांच्या हिशोबात. तिन्हींना आपण एकच घड्याळ लावतो आणि दहाव्या दिवशी म्हणतो, "अजून थांबलं नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय." तांब्याचे कण हळूहळू सुटत राहतात. ते शुक्रजंतूंना निकामी करतात, हेच तांबीचं काम. पण त्याच कणांमुळे आणि आत एक परकी वस्तू असल्यामुळे पिशवीच्या अस्तराला हलकीशी सूज येते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि थेंब-थेंब रक्त झिरपतं. हे रक्त इतकं थोडं असतं की बाहेर यायला त्याला वेळ लागतो आणि तोवर ते जुनं होऊन चॉकलेटी दिसतं. बऱ्याच बायका मला विचारतात की तांबं आत गंजलं का. नाही, तो गंज नाही, ते आपलंच जुनं रक्त आहे. असे डाग रोज किंवा एक दिवसाआड काही आठवडे दिसू शकतात, आणि मधल्या तारखांना अधूनमधून डाग लागणं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अपेक्षितच धरायचं.

तुमची पुढची पाळी येईल तेव्हा ती नेहमीपेक्षा जास्त जाईल, एक-दोन दिवस लांबेल आणि दुखेलही जास्त. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी घाबरणार नाही. साधारण पहिल्या तीन पाळ्या अशा जातात, मग शरीर जुळवून घेतं. काही जणींना सहा महिने लागतात. पाजत असल्यामुळे तुमची पाळी आधीच मागेपुढे होत असेल, तर तारखेचा हिशोब थोडा कठीण जाईल. म्हणून कॅलेंडरवर रोज एक खूण करा : लाल, चॉकलेटी की काहीच नाही. दवाखान्यात हे कॅलेंडर घेऊन गेलात तर समोरच्या डॉक्टरला दहा प्रश्नांची उत्तरं एका नजरेत मिळतात.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर घेता येते. दोन गोळ्यांमध्ये सहा ते आठ तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात तीनच्या वर जाऊ नका. पाजणाऱ्या आईला ती चालते. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळीही याच कामाची आहे, पण दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. पोटात अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल किंवा अशा गोळ्यांनी कधी दम लागला असेल, तर या टाळा आणि पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त जास्त जातं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिकच्या गोळ्या कळा आणणाऱ्या रसायनांची वाढच रोखतात, म्हणून कळ अगदी शिगेला पोचायची वाट बघण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली एक गोळी जास्त काम करते. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवीही ठेवा, तिचा खरंच उपयोग होतो. गोळ्या घेतल्याने तांबीचं काम कमी होतं का, असंही विचारतात. होत नाही.

आता सासूबाईंच्या काळजीबद्दल. त्यांच्या पिढीत हे खूप ऐकलेलं आहे आणि त्या तुमच्या भल्यासाठीच बोलत आहेत, म्हणून त्यांना नीट समजेल असं सांगा. पिशवी उलट्या पेरूएवढी असते. तिचं तोंड खाली आहे आणि वरून ती बंद आहे. दोन्ही बाजूंना ज्या नळ्या आहेत त्यांची पिशवीतली वाट इतकी बारीक असते की तांबी त्यातून जाऊच शकत नाही. पोट आणि छाती यांच्यामध्ये तर स्नायूंचा आडवा पडदाच असतो. तांबी छातीपर्यंत चढायला रस्ता नाही.

मात्र या भीतीच्या पोटात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. क्वचित, हजार बायकांत एक-दोघींच्या बाबतीत, तांबी पिशवीच्या भिंतीत रुतते किंवा भिंतीतून पलीकडे पोटात जाते. हे बहुधा बसवतानाच घडतं. पाजणाऱ्या बाईत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, पिशवीची भिंत मऊ असते, म्हणून तिथे हा धोका जास्त असतो. तुमचं बाळंतपण होऊन दीड वर्ष झालं आहे. आणि मिस्टरांना दोरा टोचतोय, म्हणजे दोरा जागेवर आहे. तांबी आत पोटात गेली असती तर बहुतेक वेळा दोरेही वर ओढले गेले असते. टोचणाऱ्या दोऱ्याने निदान ही एक चिंता बरीच हलकी केली आहे.

पण दोरा टोचतो हे वाक्य मी तिथेच सोडणार नाही. दोरा टोचायची दोन कारणं असतात. पहिलं आणि नेहमीचं : दोरा फार आखूड कापला गेला. तांबीचे दोन दोरे पिशवीच्या तोंडाबाहेर तीन ते चार सेंटिमीटर ठेवून कापतात. एवढी लांबी असली की ते काही आठवड्यांत मऊ होऊन पिशवीच्या तोंडाभोवती वळतात. आखूड कापले तर झाडूच्या काडीसारखे ताठ उभे राहतात. दुसरं कारण : तांबी स्वतःच खाली सरकली आहे आणि टोचतंय ते दोरा नसून तिचं प्लास्टिकचं टोक आहे. हे दुसरं कारण तुमच्या बाबतीत असेल असं मला वाटत नाही, कारण खाली सरकणाऱ्या तांबीने कळा सहसा कमी होत नाहीत, वाढतात. पण वाटण्यावर सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. ती कशी कळते, हे एका उदाहरणाने सांगते.

माझ्याकडे एक बाई आली होती, वय एकोणतीस, दोन मुलं. शाळेत स्वयंपाकाचं काम करायची. तांबी बसवल्यावर दोन दिवस कळा आल्या, नऊ दिवस डाग लागले आणि मग पूर्ण कोरडं झालं. पहिली पाळी थोडी जास्त गेली, तीही अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिला बाळंतपणासारख्या कळा आल्या, रक्ताच्या गाठी पडल्या आणि संध्याकाळपर्यंत कळा एकदम थांबल्या. तिला वाटलं, संपलं. पण त्यानंतर डाग थांबेनात आणि नवऱ्याला टोचायला लागलं. आधी कधी टोचत नव्हतं. शेजारणीने सांगितलं की तांबीत असं होतंच, म्हणून ती थांबली. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी आली. तपासलं तेव्हा दोरे आधीपेक्षा लांब दिसत होते आणि पिशवीच्या तोंडात तांबीचा पांढरा दांडा स्पष्ट दिसत होता. पिशवीने तांबी अर्धी बाहेर ढकलली होती.

अशी अर्धवट तांबी परत आत ढकलत नाहीत, कारण तिच्याबरोबर योनीतले जंतू वर जातात. ती चिमट्याने काढली, दोन सेकंदांचं काम. लघवीची गरोदरपणाची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. पाळी सुरू होऊन आठच दिवस झाले होते आणि संसर्गाची लक्षणं नव्हती, म्हणून तिच्या इच्छेने त्याच वेळी नवीन तांबी बसवली आणि तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून घेतली. तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दुसरी तांबी नीट राहिली.

तिच्या आणि तुमच्या गोष्टीतला फरक बघा. तिचं दुखणं उतरून, थांबून मग पुन्हा उसळलं, टोचणं नव्याने सुरू झालं आणि दोरा लांब झाला. तुमचं दुखणं पहिल्या दिवसापासून उतरणीला आहे. मी प्रत्येक बाईला हेच विचारते : काल आणि आज यात काय फरक आहे? दुखणं किती, यापेक्षा ते कुठल्या दिशेने चाललंय हे मला जास्त सांगून जातं. दोन पॅड लागणारी बाई ठीक असू शकते आणि नुसता डाग लागणारी बाई आजारी असू शकते.

तांबी पडायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत आणि तीही पाळीच्या दिवसांत पडते. म्हणून सुरुवातीचे काही महिने पाळीत पॅड टाकण्याआधी एकदा बघून घ्या. शौचालयात बसताना काही पडल्यासारखं वाटलं, तर दुर्लक्ष करू नका. पाळी संपल्यावर महिन्यातून एकदा दोरा चाचपायचा. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या, उकिडवं बसा आणि मधलं बोट आत घाला. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते पिशवीचं तोंड. त्याच्यापाशी शिवणकामातल्या नायलॉनच्या धाग्यासारखे दोन बारीक दोरे लागतील. ओढायचे नाहीत, फक्त आहेत की नाहीत एवढं बघायचं. दोऱ्याबरोबर काडीसारखं कडक काही लागलं, किंवा दोरे एकदम लांब वाटले, तर तांबी सरकली आहे असं समजून दोन-चार दिवसांत जा आणि तोवर निरोध वापरा. दोरे लागलेच नाहीत तरीही निरोध वापरा आणि दाखवून घ्या. बऱ्याचदा दोरे पिशवीच्या तोंडात गुंडाळून बसलेले असतात आणि डॉक्टरला सहज सापडतात. नाही सापडले तर आधी गरोदरपणाची चाचणी आणि मग सोनोग्राफी करतात. तांबी सोनोग्राफीतही दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे. उगाच कोणाच्या सांगण्यावरून आधीच सोनोग्राफी करायची गरज नाही. दोरे योग्य लांबीचे दिसत असतील आणि त्रास कमी होत असेल, तर तपासणी पुरते.

आता ज्यासाठी महिन्याची वाट बघायची नाही, ते सांगते. तांबी बसवल्यानंतरचे पहिले तीन आठवडे संसर्गाच्या दृष्टीने जपायचे असतात, कारण बसवताना खालचे जंतू वर गेले असतील तर ते याच काळात डोकं वर काढतात. आज बारावा दिवस आहे, म्हणजे तुम्ही अजून त्याच काळात आहात. त्याचं चित्र असं असतं : कळा उतरायच्या ऐवजी रोज वाढतात, मधोमध राहण्याऐवजी सगळं ओटीपोट दुखरं होतं, चालताना किंवा रिक्षाचा धक्का बसला की आत कळ मारते, संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, पिवळट किंवा घाण वासाचं पाणी जातं, ताप येतो. सगळ्या गोष्टी एकत्र असतीलच असं नाही. नुसता ताप किंवा घाण वास असला, किंवा वाढतं दुखणं आणि यातलं आणखी एक काही असेल, तर त्याच दिवशी जा. लवकर गेलात तर प्रतिजैविकांनी बरं होतं आणि बहुतेक वेळा तांबी काढावीही लागत नाही. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर मात्र काढतात.

दुसरं म्हणजे रक्त. लागोपाठ दोन तास, दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर रात्र असली तरी निघा. एवढं नसेल पण पाळी आठ-दहा दिवस चालत असेल, तर दोन-चार दिवसांत दाखवा. रक्त कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात, पण पायात वगैरे रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. मुळात हिमोग्लोबिन कमी असेल तर थोडी जास्त गेलेली पाळीही महाग पडते. तुमचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं होतं? पुढच्या भेटीत ते करून घ्या.

तिसरी गोष्ट सहसा घडत नाही, पण ती ओळखायला चुकलं तर जिवावर बेतते. तांबी असताना दिवस राहणं फार कमी बायकांत होतं, वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी. पण राहिलेच, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. पाळी चुकली असेल, किंवा पाळीच्या जागी नुसता डाग लागून थांबला असेल, तर घरी चाचणी करा. तुमच्यासारख्या पाजणाऱ्या बाईने तर "पाजतेय म्हणून पाळी नाही" असं गृहीत धरू नये. चाचणी पॉझिटिव्ह आली तर लगेच दवाखाना गाठा. आणि त्यासोबत एका बाजूला सारखं दुखत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. १०८ ला फोन करा, घरच्या गाडीची वाट बघू नका.

यातलं काही नसेल तर पुढची पाळी संपल्यावर, म्हणजे बसवल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी जा. महिन्याने बोलावलंय ते याच हिशोबाने. फक्त एक बदल सुचवते. तीन आठवडे उलटूनही रोज गोळी घ्यावी लागत असेल, तर तारखेची वाट न बघता आधीच दाखवा. तेव्हा मी तांबी खाली तर नाही ना, किंवा पिशवीच्या मानाने मोठी पडते का, हे बघते. मिस्टरांना टोचणंही त्याच भेटीत सांगा. डॉक्टर दोरा बघून ठरवतील की तो पिशवीच्या तोंडामागे वळवायचा, की अगदी तोंडाशी कापायचा. तसा कापला तर टोचणं थांबतं, पण मग तुम्हाला तो हाताला लागणार नाही, हे लक्षात ठेवा.

हे सगळं मी पाळीत बसवलेल्या तांबीबद्दल लिहिलं आहे. बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत बसवलेल्या तांबीचा हिशोब वेगळा असतो. तिथे बाळंतपणाचं रक्त जातच असतं, दोरे सुरुवातीला दिसत नाहीत आणि तांबी पडण्याचं प्रमाणही जास्त असतं. तुमच्या जावेला किंवा मैत्रिणीला तशी बसवली असेल, तर तिचे अनुभव तुमच्याशी ताडून बघू नका.

काढायचंच ठरवलंत तर तो तुमचा हक्क आहे. तांबी १० वर्षांची असो की ५ वर्षांची, ती तेवढी वर्षं ठेवलीच पाहिजे असं काही नाही आणि त्यासाठी कोणी तुम्हाला रागावायचं कारण नाही. तीन ते सहा महिने देऊनही पाळी जास्तच जात असेल, हिमोग्लोबिन उतरत असेल, तर मी स्वतःच काढायला सांगते. पण एक काळजी घ्या. शुक्रजंतू आत काही दिवस जिवंत राहतात, म्हणून मागच्या सात दिवसांत संबंध आला असेल आणि मधल्या तारखांना तांबी अचानक काढली, तर दिवस राहू शकतात. एक तर पाळीत काढा, किंवा काढण्याआधी आठवडाभर निरोध वापरा. पुढे काय वापरायचं तेही काढायच्या आधी ठरवा. सरकारी दवाखान्यात अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आणि छाया ही गोळी मोफत मिळते. पाजणाऱ्या आईला दोन्ही चालतात.

आज संध्याकाळी दुखायला लागलं की गोळीच्या आधी ताप मोजा, कॅलेंडरवर खूण करा, आणि तीन दिवसांनी इथे लिहा : ताप होता का, वास आहे का, दुखणं कालच्यापेक्षा कमी की जास्त. एवढं कळलं की पुढचं मी जास्त नेमकं सांगू शकेन.